विक्रीचा दिवस कोण ठरवतं?

२५ जानेवारी २०१९ हा शुक्रवार होता. आदल्या दिवशी ४३४ रुपयांच्या आसपास बंद झालेला झी एंटरटेन्मेंटचा शेअर त्या दिवशी ३१९ रुपयांवर आला. एका दिवसात २६ टक्के. त्याच समूहातल्या डिश टीव्हीचा शेअर याहूनही जास्त आपटला आणि एस्सेल समूहाच्या कंपन्यांचं बाजारमूल्य काही तासांत सुमारे १४ हजार कोटी रुपयांनी घटलं. झी वाहिन्यांच्या धंद्यात त्या दिवशी असं काहीच बिघडलं नव्हतं. मालिका नेहमीसारख्याच चालू होत्या, जाहिराती मिळत होत्या, कंपनी नफ्यात होती. बिघडलं होतं ते मालकांच्या कर्जाचं गणित, आणि त्या कर्जाला तारण होते झीचेच शेअर.

सुभाष चंद्र यांच्या कुटुंबाकडे तेव्हा झीचा सुमारे ४१ टक्के हिस्सा होता. त्यातला निम्म्याहून जास्त गहाण पडलेला होता. रस्ते, वीज यांसारख्या पायाभूत क्षेत्रातल्या खासगी कंपन्यांसाठी समूहाला पैसा हवा होता. झीचे शेअर विकले असते तर पैसा मिळाला असता, पण हिस्सा कमी झाला असता आणि कंपनीवरची पकड सैल झाली असती. शेअर तारण ठेवून कर्ज घेतलं की पैसाही मिळतो आणि मालकीही राहते. हिशेब सरळ वाटतो. चंद्र यांनी त्याच संध्याकाळी कर्जदात्यांची माफी मागणारं खुलं पत्र काढलं. पायाभूत क्षेत्रात घेतलेली जोखीम आणि व्हिडिओकॉन डीटूएचची खरेदी या आपल्या चुका झाल्या, असं त्यांनी त्यात कबूल केलं. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाल्यानंतर जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेनासं झालं, हेही त्यात होतं.

शेअरतारण कर्जात कर्जदाता ठरावीक पट संरक्षण मागतो. शंभर रुपयांच्या कर्जासाठी दीडशे किंवा दोनशे रुपयांचे शेअर. भाव उतरला की हे प्रमाण मोडतं आणि कर्जदाता आणखी शेअर किंवा रोख मागतो. मालकाकडे दोन्ही नसेल तर कर्जदाता तारण विकायला काढतो. पण एकाच कंपनीच्या शेअरवर अनेकांनी कर्ज दिलेलं असतं. पहिल्याने विकलं की भाव पडतो, भाव पडला की दुसऱ्याचं प्रमाण मोडतं, दुसरा विकतो आणि तिसऱ्याची पाळी येते. शेवटी विकणाऱ्याला सगळ्यांत कमी मिळणार हे प्रत्येकाला कळत असतं, म्हणून प्रत्येकाला पहिलं व्हायचं असतं. बाजारातल्या इतरांनाही हे दिसतं. अमुक कंपनीचे इतके शेअर गहाण आहेत हे जाहीर झालेलं असतं, त्यामुळे सक्तीची विक्री येणार असं वाटलं की तेही आधीच विकून मोकळे होतात.

रविवारी, २७ जानेवारीला, कर्जदाते आणि समूह यांची बैठक झाली. ३० सप्टेंबरपर्यंत शेअर विकायचे नाहीत असं ठरलं. मधल्या काळात समूहाने गिऱ्हाईक शोधायचं होतं. जुलैअखेर इन्व्हेस्को ओपनहायमर फंडाने ११ टक्के हिस्सा ४,२२४ कोटींना घ्यायचं कबूल केलं. ते पुरेसं झालं नाही. नोव्हेंबरमध्ये आणखी १६.५ टक्के विकावे लागले आणि चंद्र यांनी अध्यक्षपद सोडलं. वर्षअखेरीस कुटुंबाकडे पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा उरला होता. जी पकड टिकवण्यासाठी शेअर विकले नव्हते, ती पकडच गेली.

याची झळ समूहाबाहेरच्या लोकांनाही लागली. कर्ज देणाऱ्यांत म्युच्युअल फंड होते आणि त्यांनी मुदतबंद योजनांमधला, म्हणजे साध्या गुंतवणूकदारांचा पैसा यात घातला होता. एप्रिल २०१९ मध्ये अशा काही योजनांची मुदत संपली, तेव्हा कोटक म्युच्युअल फंडाला सगळे पैसे एकदम देता आले नाहीत आणि एचडीएफसी म्युच्युअल फंडाने एका योजनेची मुदत वाढवण्याचा पर्याय पुढे केला. मुदत ठेवीसारखं सुरक्षित काहीतरी घेतलंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांचा पैसा प्रत्यक्षात एका शेअरच्या भावावर उभा होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसरा प्रसंग घडला. १ तारखेला रिलायन्स कम्युनिकेशन्सने दिवाळखोरी प्रक्रियेत जाण्याचं जाहीर केलं आणि ४ ते ७ फेब्रुवारी या चार दिवसांत अनिल अंबानी समूहाच्या कर्जदात्यांनी तारण शेअर बाजारात विकले. समूहाच्या म्हणण्यानुसार सुमारे ४०० कोटींची विक्री झाली आणि तिच्यामुळे समूहाचं बाजारमूल्य १३ हजार कोटींनी घटलं. कर्जदात्यांनी आरोप फेटाळले, आम्ही करारातला हक्क बजावला एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दोषाचा वाद बाजूला ठेवला तरी या दोन आकड्यांमधलं अंतर डोळ्यांत भरतं. पडत्या बाजारात विकायला काढलेला थोडासा माल सगळ्या मालाचा भाव ठरवतो.

हे झालं उद्योगपतींचं. आता तेच गणित एका घराच्या मापाचं करून पाहू, कारण शेअरतारण कर्ज आज मोबाईलवर काही मिनिटांत मिळतं आणि ते घेणारे बहुतेक जण पगारदार किंवा निवृत्त असतात.

समजा, पुण्यातल्या एका निवृत्त अभियंत्याकडे २० लाखांचे शेअर आहेत. वर्षानुवर्षं थोडे थोडे घेतलेले, एकूण खरेदी ४ लाखांची. मुलीच्या फ्लॅटसाठी १० लाख हवे आहेत. निम्मे शेअर विकले तर ८ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा दिसेल. सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या पावणेसात लाखांवर साडेबारा टक्के आणि उपकर धरून सुमारे ८८ हजार रुपये कर. तो वाचवावा आणि बाजार वर जाणारच आहे तर शेअरही राहू द्यावेत, म्हणून ते तारणकर्ज घेतात. कर्ज घेणं म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे कर लागत नाही.

प्रक्रिया सोपी असते. शेअर डीमॅट खात्यातच राहतात, फक्त त्यांच्यावर कर्जदात्याच्या नावाने गहाणाची नोंद चढते. ओटीपी टाकला की एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या नोंदीत ते अडकतात. लाभांश मूळ मालकालाच मिळत राहतो, पण शेअर विकता येत नाहीत. कर्ज बहुधा ओव्हरड्राफ्टसारखं मिळतं, जेवढं उचलाल तेवढ्यावरच व्याज. बिगर-बँक वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये घालून दिलेला नियम असा की शेअरच्या किमतीच्या ५० टक्क्यांहून जास्त कर्ज द्यायचं नाही, आणि भाव उतरून हे प्रमाण मोडलं तर सात कामकाजाच्या दिवसांत ते भरून निघालं पाहिजे.

आपले अभियंता पूर्ण १० लाख उचलतात. व्याजदर साडेदहा टक्के धरला तर वर्षाला १ लाख ५ हजार रुपये. इथेच पहिली गोष्ट दिसते. वाचवलेला कर ८८ हजारांचा आणि एकदाच भरायचा. व्याज त्याहून जास्त आणि दर वर्षी. चार-सहा महिन्यांत दुसरीकडून पैसे येणार असतील, एखादी मुदत ठेव पिकणार असेल, जुनं घर विकलं जाणार असेल, तर असं कर्ज शहाणपणाचं ठरतं. फेड कशातून होणार हे माहीत नसताना केवळ कर वाचवण्यासाठी घेतलेलं कर्ज पहिल्याच वर्षी तोट्यात जातं, बाजार एक टक्काही पडला नाही तरी.

आता बाजार पडला असं धरू. शेअर ३० टक्के उतरले, २० लाखांचे १४ लाख झाले. त्यावर कर्ज चालतं ७ लाख, उभं आहे १० लाख. तूट ३ लाखांची. सात दिवसांत रोख ३ लाख भरले तर प्रश्न मिटला. पण रोख असती तर कर्ज कशाला घेतलं असतं? मग कर्जदाता शेअर विकतो. किती? बहुतेकांना वाटतं ३ लाखांचे. उत्तर ६ लाख आहे. कारण शेअर विकून कर्ज फेडलं की कर्जाबरोबर तारणही घटतं. ६ लाखांचे विकल्यावर शेअर उरतात ८ लाखांचे आणि कर्ज ४ लाखांचं, तेव्हा कुठे निम्म्याचं प्रमाण परत जुळतं. मर्यादा ५० टक्क्यांची असेल तर तुटीच्या प्रत्येक रुपयामागे दोन रुपयांचे शेअर जातात. मर्यादा ७५ टक्क्यांची असेल तर चार रुपयांचे. जास्त कर्ज देणारी योजना उदार वाटते, पण विक्रीची वेळ आली की तीच जास्त ओरबाडते.

पुढे बाजार सावरला आणि भाव पहिल्या जागी आले असं धरू. उरलेल्या ८ लाखांच्या शेअरची किंमत सुमारे ११ लाख ४३ हजार होईल, त्यातून ४ लाखांचं कर्ज वजा केलं की हाती राहतात ७ लाख ४३ हजार. पहिल्याच दिवशी निम्मे शेअर विकून कर भरला असता तर १० लाखांचे शेअर शिल्लक असते आणि कर्जही नसतं. बाजार जिथे होता तिथेच आला, कंपन्या त्याच राहिल्या, तरी अडीच लाखांहून जास्त गेले, आणि व्याज निराळं. शिवाय सक्तीची विक्रीही कराच्या दृष्टीने मूळ मालकानेच केलेली विक्री असते. खरेदी जुन्या भावाची असल्यामुळे पडत्या बाजारातही तिच्यात नफा निघतो. या उदाहरणात त्यावर सुमारे ३९ हजारांचा कर बसतो, आणि तो खिशातून भरावा लागतो, कारण विक्रीचा सगळा पैसा कर्जखात्यात जमा झालेला असतो. जो कर टाळायला निघालो होतो, तो सगळ्यांत अवघड महिन्यात दारात उभा राहतो.

कितीपर्यंत कर्ज सुरक्षित, याचं गणित अवघड नाही. कर्जाच्या रकमेला मर्यादेने भागायचं. ५० टक्क्यांची मर्यादा असेल तर कर्जाची दुप्पट. शेअरची किंमत त्या आकड्याखाली गेली की तूट सुरू. १० लाखांची दुप्पट २० लाख, म्हणजे वरच्या उदाहरणात पहिल्या दिवसापासून उसंत शून्य होती. शेअर एक टक्का उतरले तरी निरोप येणार. ६ लाखच उचलले असते तर सीमा १२ लाखांवर गेली असती आणि ४० टक्क्यांची घसरण झेपली असती. हा ४० चा आकडा हवेतला नाही. २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने निफ्टी २० जानेवारीच्या १२,४३० या उच्चांकावरून २४ मार्चला ७,५११ पर्यंत उतरला, म्हणजे जवळपास ४० टक्के, तोही दोन महिन्यांत. आणि तो पन्नास कंपन्यांचा निर्देशांक. त्याच पन्नासांतल्या इंडसइंड बँकेचा शेअर जानेवारीत बाराशेहून वर होता आणि मार्चअखेरीस काही काळ तीनशेच्या खाली गेला होता. मूठभर शेअरवर कर्ज घेणाऱ्याने निर्देशांकाची घसरण धरून हिशेब करणं पुरेसं नाही.

भाव न पडताही तूट येऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. प्रत्येक कर्जदात्याकडे मान्य शेअरची यादी असते आणि ती तो बदलत असतो. एखाद्या कंपनीविषयी शंका आली आणि तिचं नाव यादीतून गेलं, की त्या शेअरवर मिळणारी उचल शून्य होते, भाव काहीही असो. अशी नावं नेमकी कठीण काळात वगळली जातात. दुसरी अडचण निरोपाची. तुटीची सूचना एसएमएसने किंवा ई-मेलने येते. अनेक करारांत भाव फारच झपाट्याने पडला तर सात दिवसांची वाट न पाहता विकण्याचा हक्क कर्जदात्याने राखून ठेवलेला असतो. ते कलम सही करण्याआधी शोधून वाचायला हवं. परगावी, दवाखान्यात किंवा परदेशात मुलाकडे असलेल्या माणसाला निरोप आणि विक्री यांच्यात हालचाल करायला वेळच मिळत नाही.

सोन्याचं तारण याहून निराळ्या चालीने जातं. सोन्याचा भाव शेअरसारखा एका दिवसात पाव हिस्सा पडत नाही. म्हणून सोनेतारण कर्ज घेणाऱ्याला बाजाराची धास्ती कमी वाटते. तिथे धोका दुसऱ्या बाजूने येतो. भाव हळू उतरत असतो आणि कर्ज व्याजाने वाढत असतं, आणि दोन्ही एकमेकांकडे सरकत येतात.

ऑगस्ट २०२० हा या बाबतीत शिकण्यासारखा महिना आहे. टाळेबंदीने घरं अडचणीत होती. ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने बँकांना दागिन्यांवर ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली, ३१ मार्च २०२१ पर्यंत. हेतू दिलासा देण्याचा होता आणि अनेकांना तो मिळालाही. पण दुसऱ्याच दिवशी, ७ ऑगस्टला, एमसीएक्सवर सोन्याने दहा ग्रॅमला ५६,१९१ रुपयांचा तोवरचा उच्चांक गाठला आणि तिथून ते उतरू लागलं. मार्च २०२१ मध्ये भाव साडेचव्वेचाळीस हजारांच्या आसपास होता.

समजा, एका कुटुंबाने ऑगस्टअखेरीस २२ कॅरटचे, निव्वळ १०० ग्रॅम वजनाचे दागिने गहाण ठेवले. निव्वळ वजन महत्त्वाचं. खडे, लाख, मोत्यांचं वजन वगळतात आणि घडणावळीचा एक रुपयाही धरत नाहीत, त्यामुळे दुकानात मोजलेली किंमत आणि तारणाची किंमत यात पहिल्याच दिवशी मोठी फट असते. मूल्यांकन तीस दिवसांच्या सरासरी भावाने झालं आणि ४ लाख ८० हजार ठरलं असं धरू. बँकेने ९० टक्क्यांनी ४ लाख ३२ हजार दिले. ९ टक्के व्याजाने सहा महिन्यांत देणं झालं ४ लाख ५१ हजार. मार्चच्या भावाने दागिने राहिले सुमारे ४ लाख ७ हजारांचे. सगळं सोनं विकूनही ४४ हजार कमी पडतात, आणि ते कर्जदाराच्या नावावरच राहतात.

तेच दागिने एखाद्या वित्तसंस्थेकडे ७५ टक्क्यांवर ठेवले असते तर ३ लाख ६० हजार मिळाले असते. व्याज १८ टक्के आणि मधे काहीच भरलं नाही, तर सहा महिन्यांनी देणं ३ लाख ९२ हजार. दागिन्यांच्या किमतीच्या ९६ टक्के. म्हणजे २५ टक्क्यांची गादी भाव आणि व्याज यांनी मिळून जवळजवळ खाऊन टाकली. साठ टक्केच उचलले असते तर देणं किमतीच्या ७७ टक्क्यांवर थांबलं असतं आणि लिलावाचा विषय इतक्यात निघालाच नसता.

प्रत्यक्षातही असंच घडलं. मणप्पुरम फायनान्स तेव्हा प्रामुख्याने तीन महिन्यांच्या छोट्या मुदतीची कर्जं देत असे. मुदत संपली, भाव उतरलेला, नूतनीकरणासाठी व्याज भरायला लोकांकडे पैसा नाही. जानेवारी ते मार्च २०२१ या तिमाहीत कंपनीने सुमारे ४०० कोटींचं सोनं लिलावात काढलं. त्याआधीच्या नऊ महिन्यांत हा आकडा दहा कोटींच्याही आत होता. वर्षाची मुदत देणाऱ्या संस्थांच्या ग्राहकांवर तेवढी तातडी आली नाही. दागिना तोच, भावही तोच, पण मुदत किती यावर कोणाचा लिलाव होणार आणि कोणाचा टळणार हे ठरलं. आणि सोन्याचं पुढे काय झालं हे सगळ्यांनी पाहिलंच आहे: एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला. २०२१ च्या मार्चमध्ये ज्यांचे दागिने लिलावात गेले, त्यांचा सोन्याविषयीचा अंदाज बरोबरच होता. त्यांच्याकडे तो खरा ठरेपर्यंत थांबण्याची सोय नव्हती.

लिलावाच्या पद्धतीतच दोष असेल तर नुकसान आणखी वाढतं. मार्च २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आयआयएफएल फायनान्सला नवी सोनेतारण कर्जं द्यायला मनाई केली. कर्ज देतानाचं आणि लिलावाच्या वेळचं सोन्याचं वजन व शुद्धता यात गंभीर तफावत, आणि लिलावात ठरलेली पद्धत न पाळणं ही त्यामागची काही कारणं होती. सुधारणा झाल्यावर सप्टेंबरमध्ये मनाई उठली, पण त्याच महिन्याच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने इतर संस्थांमध्येही अशा त्रुटी सापडल्याचं परिपत्रक काढलं. जून २०२५ मध्ये सगळ्यांसाठी एकच नियमावली आली आणि तिच्या पूर्ण अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत ठरली.

या नियमावलीत अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, अडीच ते पाच लाख ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. वरवर पाहता ही सवलत. पण मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम भरायचं असेल, तर आता हे प्रमाण मुदतअखेरीस होणाऱ्या एकूण देण्यावर मोजायचं आहे. व्याज आधीच पोटात धरल्यामुळे वर्षाच्या कर्जात हाती येणारी रक्कम बरीच कमी होते, आणि ते कर्जदाराच्या भल्याचंच आहे, कारण वर दाखवलेली गादी व्याजाला खायला उरत नाही. लिलावासाठी पुरेशी पूर्वसूचना, वर्तमानपत्रात जाहिरात आणि चालू मूल्याच्या ९० टक्के राखीव किंमत बंधनकारक आहे. दोन लिलाव फसले तरच ती ८५ टक्क्यांवर आणता येते. देणं वळतं करून उरलेले पैसे सात कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाला परत मिळाले पाहिजेत. कर्ज फेडल्यावर दागिने परत द्यायला संस्थेने आपल्या चुकीने उशीर केला, तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई.

सोनं असो वा शेअर, गहाणाचा मूळ कायदा एकच, १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १७६ नुसार कर्ज थकलं तर कर्जदाता वाजवी सूचना देऊन तारण विकू शकतो. कमी पडलं तर उरलेलं देणं कर्जदाराचं, जास्त आलं तर वरकड कर्जदाराची. कलम १७७ कर्जदाराच्या बाजूचं आहे आणि ते लक्षात ठेवण्याजोगं आहे. मुदत टळून गेली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कधीही, थकबाकी आणि उशिरामुळे झालेला खर्च भरून, तारण सोडवता येतं. डीमॅटमधल्या शेअरबाबत मध्यंतरी शंका होती. कर्जदात्याने गहाण वापरात आणून शेअर आपल्या नावावर घेतले म्हणजे विक्री झाली का? मे २०२२ मध्ये पीटीसी इंडिया फायनान्शियल सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही. नोंद बदलणं ही विक्री नव्हे. तिसऱ्याला विकेपर्यंत मूळ मालकाचा सोडवण्याचा हक्क जिवंत असतो. म्हणून शेअर खात्यातून गेलेले दिसले की सगळं संपलं असं समजून हातपाय गाळू नयेत. त्याच दिवशी लेखी विचारावं की शेअर कर्जदात्याच्या खात्यात आहेत की विकले गेले, आणि सोडवायला नेमकी किती रक्कम लागेल.

त्याच्याही आधी करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. तूट जवळ येतेय असं दिसलं की कर्जदात्याकडून परवानगी घेऊन थोडे शेअर स्वतःच विकायला काढावेत. वरच्या उदाहरणातले अभियंता दहा टक्के घसरणीलाच असं करते, तर २ लाखांचे शेअर देऊन प्रमाण जुळलं असतं आणि कोणते द्यायचे, कोणते ठेवायचे हेही त्यांनी ठरवलं असतं. सक्तीच्या विक्रीत कर्जदाता चटकन खपणारा शेअर आधी काढतो, आणि तो बहुधा संग्रहातला सगळ्यांत चांगला असतो. सोन्यात याच धर्तीचा उपाय गहाण ठेवतानाच करावा लागतो. पाटल्या, गोठ, हार, बांगड्या एकाच पावतीवर ठेवल्या तर एक नग सोडवायलाही सगळं कर्ज फेडावं लागू शकतं, आणि लिलाव निघाला तर सगळेच नग जातात. संस्था तयार असेल तर दोन-तीन वेगळ्या कर्जखात्यांत ते विभागून ठेवता येतात. मग हातात थोडे पैसे आले की आजीच्या पाटल्यांचं खातं आधी मोकळं करता येतं, आणि जाहिरातीत नाव आलंच तर ते बाजारातून कधीही पुन्हा घेता येतील अशा बांगड्यांपुरतं येतं.